आठ ओळींची कविता आणि ‘आधार कुठे?’

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, बी.ए.ला मराठी घेतलंय. बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेवर निबंध लिहिला. औदुंबर म्हणजे विरक्त संन्यासी, असा माझा मुद्दा. कवितेतल्या ओळी दिल्यात, खरं मॅडमनी शेजारी ‘हे मत झालं, आधार कुठे?’ लिहून परत दिलाय. आठच ओळींची कविता, त्यात आणखी आधार कुठला आणू? उतारा खाली देतेय.

उत्तर:

उतारा वाचला. त्यातली कामाची चार वाक्यं अशी आहेत: ‘औदुंबर हा विरक्त संन्याशाचे प्रतीक आहे. “पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर” या ओळीतून ही विरक्ती अत्यंत प्रभावीपणे व्यक्त होते. औदुंबर हा दत्तगुरूंचा वृक्ष असून दत्त हे वैराग्याचे दैवत आहे. बालकवींच्या अकाली मृत्यूची चाहूलही येथे लागते.’

मुद्दा चुकीचा नाही. या कवितेत विरक्ती, उदासी, मृत्यू दिसलेले वाचक तुझ्याआधीही पुष्कळ होऊन गेलेत. अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. ओळ दिलीस, पुढे ‘प्रभावीपणे व्यक्त होते’ म्हणालीस आणि पुढच्या मुद्द्याला गेलीस. ते वाक्य उचलून कुठल्याही कवितेतल्या कुठल्याही ओळीखाली ठेवलं तरी चालेल, ‘विरक्ती’च्या जागी ‘देशभक्ती’ घातली की झालं. ओळ देऊन फक्त तू कविता वाचलीस एवढं कळतं. तिच्यातल्या कुठल्या शब्दानं, कुठल्या क्रियापदानं तुला संन्यासी दाखवला, हे सांगशील तेव्हा ती ओळ आधार होईल. मॅडमनी जे विचारलंय ते हेच.

आधी कविता पूर्ण समोर घेऊ. निबंध लिहितानाही वहीत डाव्या पानावर ती उतरवून काढ, म्हणजे आठवणीवर विसंबून लिहायची सवय सुटते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

आता तुझा संन्यासी शोधू. दत्ताचं वाक्य आधी बाजूला ठेव. आपल्याकडे औदुंबर म्हटलं की दत्त आठवतोच. नरसोबाची वाडी जवळ, गाणगापूरची वारी घरोघर, आणि पारावरच्या उंबराला पाय लागू नये हे लहानपणी तुलाही कुणीतरी बजावलं असेल. पण हे सगळं तू कवितेत घेऊन आलीस, कवितेत ते नाही. पार नाही, पादुका नाहीत, पूजा नाही, प्रदक्षिणा नाही. झाड आहे ते पाण्यात, आणि उंबर हे मुळात ओढ्या-नाल्याच्या काठानं वाढणारं झाड. कन्नड बोलणारी माणसं त्याला ‘अत्ती मर’ म्हणतात, तीही ते पाण्याकाठीच दाखवतील. मलप्रभेच्या काठानं फिरली असशील तर पाण्याकडे झुकलेलं, मुळं उघडी पडलेलं एखादं झाड तूही पाहिलं असशील. तेव्हा पहिला अर्थ साधाच आहे: मुळं पाण्यात सोडून उभं असलेलं झाड कवीला पाय सोडून बसलेलं दिसलं. यावर जो अर्थ चढवायचा तो या चित्राला धरून चढवावा लागेल. दत्तसंदर्भ निषिद्ध आहे असं नव्हे. कवितेतल्या दोन-तीन शब्दांनी तुला आधीच त्या दिशेला नेलं असेल तर तो त्यांच्या मागून येऊ शकतो, आधी मात्र नाही.

आता ‘बसला’ हा शब्द घे, कारण तुझा सगळा भार त्याच्यावर आहे. संन्यासी कसा बसतो? मांडी घालून, आसन मांडून, पाय आवरून. इथला औदुंबर पाय टाकून बसलाय. दुपारी म्हशी धुऊन झाल्यावर पोरं काठावर पाण्यात पाय सोडून बसतात, विहिरीच्या पायरीवर कपडे धुऊन दमलेली बाई बसते, ती ही बैठक. तिच्यात थकवा असू शकतो, निवांतपणा असू शकतो, रुसवासुद्धा असू शकतो. वैराग्य तिथे पहिल्यांदा सुचत नाही. म्हणजे ज्या ओळीवर तू सगळा भार टाकलास तीच तुझ्या विरुद्ध साक्ष देतेय. अशा वेळी गांगरू नये, उलट इथूनच निबंध चांगला होतो. एवढंच, की ही साक्ष झाकता येत नाही. तू झाकलीस तरी वाचणाऱ्याला ती दिसतेच.

पुढे क्रियापदं बघ. मी विद्यार्थ्यांना पेन्सिलीनं क्रियापदांखाली रेघ मारायला लावतो. अलंकार ओळखण्यापेक्षा यातून जास्त हाती लागतं असा माझा अनुभव आहे. अलंकाराचं नाव लिहिलं की विद्यार्थ्याला काम संपल्यासारखं वाटतं, म्हणून मी चेतनगुणोक्ती हा शब्द पहिल्या मसुद्यात लिहूच देत नाही. असो. झरा हिरवाळी ‘घेऊन’ ‘वाहतो’. शेतमळ्यांची ‘गर्दी’ ‘लागली’. पायवाट ‘पडे’, मग ‘चालली’. औदुंबर ‘पाय टाकुनी’ ‘बसला’. आता विचार, यात माणूस कुठे आहे? गाव आहे, चार घरांचं, पण घराबाहेर कुणी नाही. पायवाट माणसांच्या पायांनीच पडते, पण तिच्यावर कुणी चालत नाही, वाटच चालते. गर्दी आहे, ती शेतांची. आणि पाय हे नाव सुटं म्हणून एकदाच येतं, ते झाडाचे पाय.

ही साखळी मला या कवितेतला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो, पण तिची एकेक कडी वेगळी तोलायला हवी. ‘वाट चालली’ हे आपण रोज बोलतो, तेवढ्यावर ‘कवीने वाटेला माणूस केले’ असं म्हटलं तर कुणीही हसेल. ‘घेऊन’ही तसंच साधं. ‘गर्दी’ मात्र थोडा वेगळा, कारण शेतांना दाटी म्हणता आली असती, आणि ‘दाट’ शब्द तर त्याच ओळीत आहे. तो असूनही वर ‘गर्दी’ आली. ‘पाय टाकुनी बसला’ ही उघडच माणसाची बैठक. म्हणजे दोन कच्च्या कड्या, एक मध्यम, एक पक्की. सगळ्या एकाच दिशेला ओढतात म्हणून कच्च्या कड्यांनाही वजन येतं. निबंधात हे असंच लिहावं. ‘वाट चालणे हा रूढ प्रयोग आहे, पण गर्दीनंतर आणि बैठकीआधी तो आल्याने…’ असं लिहिलंस की वाचणाऱ्याला कळतं, तू पुरावा फुगवत नाहीस.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा, ‘पसरी’. सातव्या ओळीत काळिमा कोण पसरतं? बहुतेक जण वाचतात ते असं: काळिमा लाटांवर पसरतो, पाणी झाकोळतं, आणि त्यात बिचारा औदुंबर बसलाय. या वाचनात अंधार औदुंबरावर येतो, तो सोसतो. मग विरक्ती, मृत्यू, सगळं आपोआप मागून येतं. पण क्रियापदाचं रूप बघ. जुन्या कवितेत हा वर्तमानकाळ दोन प्रकारे येतो. अकर्मक धातू असेल तर साधारणपणे शेवटी ‘ए’: पडे, बसे, चाले. सकर्मक असेल तर साधारणपणे ‘ई’: करी, मारी, टाकी. अपवाद आहेत, ‘म्हणे’ आहे, ‘राही’ आहे, म्हणून नुसत्या नियमावर थांबू नको. याच कवितेत दोन ओळी वर बघ: पायवाट ‘पडे’. काळिमा आपणहून पसरत असता तर त्याच चालीनं ‘पसरे’ झालं असतं, मात्रांचा हिशेबही तोच राहिला असता. कवीने ‘पसरी’ लिहिलंय. म्हणजे कुणीतरी काळिमा पसरवतंय. कोण? कर्ता आठव्या ओळीच्या अगदी शेवटी मिळतो: औदुंबर. दोन्ही ओळी मिळून एकच वाक्य आहे. जळ झाकळून, लाटांवर गोड काळिमा पसरून, पाण्यात पाय टाकून तो बसलाय.

हे एकदा दिसलं की चित्र फिरतं. अंधार त्याच्यावर पडत नाही, तो पाडतो. कर्त्यासाठी कवितेच्या शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं, म्हणून आधी काळिमा दिसतो आणि तो कुणाचा ते मागून कळतं. हे सांगायला ‘प्रभावीपणे’ लागत नाही. ‘पडे’ आणि ‘पसरी’ शेजारी ठेवले की पुरे.

आणि तो काळिमा ‘गोड’ आहे. हा शब्द तुझ्या उताऱ्यात नाही. पूर्ण निबंधातही तू तो सोडला असशील अशी मला शंका आहे, कारण विरक्तीवाले आणि मृत्यूवाले तो बहुतेक वेळा सोडतातच. सातव्या ओळीत ठळक बसलेलं विशेषण आहे ते. त्याचं काहीतरी करावं लागतं. एक तर म्हण, गोड म्हणजे उन्हातून आल्यावर लागणारी सावलीची गोडी, मग औदुंबर आसरा देणारा होतो. नाहीतर म्हण, गोड म्हणजे ओढ लावणारा, आणि वाट ‘काळ्या डोहाकडे’ चालली आहे ती त्याच ओढीनं. दुसऱ्या वाचनात मृत्यूची छटा येऊ शकते आणि ती मला अमान्य नाही. पण मग तिचा आधार ‘डोहाकडे’ आणि ‘गोड’ मिळून होतो, बालकवींचं चरित्र नव्हे.

चरित्राचं बोलायचं तर, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे 1890 साली जन्मले आणि 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले. कविता लिहिताना त्यांना हे माहीत नव्हतं, तुला माहीत आहे. त्यामुळे मृत्यूची ‘चाहूल’ कवितेला लागलेली नसते, आपल्याला लागलेली असते. आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांच्या कवितांचंही हेच होतं. 1946 मध्ये नवरा गेला, एवढं कळलं की प्रत्येक ओळीतला पाऊस वाचकाला रडायला लागतो, मग कविता वाचायची गरजच उरत नाही.

आता ‘असला’. तू प्रश्नात ‘खरं मॅडमनी’ असं लिहिलंस. आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याचा वाचक ते ‘सत्य’ म्हणून वाचेल आणि वाक्य लावत बसेल. तीच गोष्ट ‘असला’ची. आपल्या बोलण्यात ‘असला’ बरेचदा नाक मुरडून येतो: असला कसला पोरगा, असलं काय खातोस. माझ्या एका विद्यार्थ्यानं यावरून औदुंबराबद्दल कवीला तुच्छता वाटते असं लिहिलं होतं. धाडस चांगलं होतं. पण शब्दाची छटा गृहीत धरायची तर कवितेत तिला जोडीदार हवा. तुच्छतेचा दुसरा एकही शब्द या आठ ओळींत नाही, उलट एकच ओळ वर ‘गोड’ आहे. म्हणून ती छटा गळते. कुणी ‘बसला असला’ हे एकच क्रियापद धरतं, म्हणजे ‘बसलेला असेल’ अशा अर्थी. पण त्या रूपाला मागून ‘तर’ किंवा ‘तरी’ लागतो आणि इथे वाक्य तिथेच संपतं. तेव्हा ‘असला’ औदुंबराचं विशेषण: अशा प्रकारचा, हा असा.

इथे तुला पुण्याच्या विद्यार्थ्याहून एक सोय जास्त आहे. तुला कन्नड येतं. ही ओळ कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीला सांगून बघ. ‘असला’ला तुला ‘इंथा’ म्हणायचं की ‘अंथा’, ते ठरवावं लागेल. ‘इंथा’ जवळच्याला, ‘अंथा’ लांबच्याला. मराठीतही ‘असला’ आणि ‘तसला’ हा फरक आहेच, फक्त तो रोजच्या बोलण्यात आपल्या लक्षात येत नाही. कवितेत गाव ‘पैल’ टेकडीकडे आहे, लांब. पुढे वाट ‘डोहाकडे’ येते, आणि शेवटी ‘असला’, इंथा, हा इथला. नजर लांबून जवळ आली. हे वाचन ‘पैल’, दोनदा आलेलं ‘-कडे’ आणि ‘असला’ एवढ्यावर उभं आहे, म्हणून त्याला ‘शक्य आहे’ म्हणावं, ‘सिद्ध होते’ म्हणू नये.

आणखी एक धोक्याची जागा सांगतो, नाद. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा’ मधल्या ‘ळ’नं गूढ, उदास वातावरण तयार होतं, असं शेकडो उत्तरपत्रिकांत मी वाचलंय. मग मोज. शेवटच्या दोन ओळींत ‘ळ’ चारदा आहे. पहिल्या दोन ओळींत, जिथे हिरवाळी आणि झरा आहे, तीनदा आहे: हिरवाळीत एक, निळासावळ्यात दोन. मधल्या चार ओळींत मिळून दोनदा. तेव्हा ‘ळ’ म्हणजे उदासी असेल तर झराही उदास म्हणावा लागेल. नादावरून अर्थ काढता येत नाही असं नाही, पण जिथे तुला तो अर्थ नको आहे तिथेही तो नाद मोजून बघायचा, मग बोलायचं. रंगांना हीच कसोटी लाव. हिरवा तीनदा येतो, शेवटच्या दोन ओळींत एकदाही नाही, आणि काळा फक्त सहाव्या आणि सातव्या ओळीत. इथे मोजणी तुझ्या बाजूनं उभी राहते. फक्त ‘निळासावळा’ विसरू नको, थोडा काळसरपणा दुसऱ्या ओळीतच मिसळलेला आहे.

मग दावा काय करायचा? मी लिहिलं असतं तर साधारण असं. हे उतरवून देऊ नकोस, पण बांधणी बघ:

‘या कवितेत गाव, वाट, गर्दी सगळे आहे, माणूस मात्र नाही. माणसाची हालचाल शेतांना, वाटेला मिळते आणि शेवटी माणसाची बैठक औदुंबराला मिळते. ही बैठक संन्याशाची नाही. तो आसन घालत नाही, “पाय टाकुनी” बसतो. तो काळोख सोसणाराही नाही. “पडे” या अकर्मक रूपाशेजारी “पसरी” हे रूप पाहिले तर काळिमा पसरणारा तोच ठरतो, आणि तो काळिमा “गोड” आहे. झरा वाहतो, वाट चालते, औदुंबर तेवढा बसला आहे. पण ही स्वस्थता जगाकडे पाठ फिरवलेल्याची नसून येणाऱ्या वाटेला सावली धरणाऱ्याची आहे.’

इथे पूर्ण ओळ एकदाही दिलेली नाही. एक-दोन शब्द दिलेत आणि प्रत्येकाला लागूनच त्याचं काम सांगितलंय. दावा असा आहे की त्याच्याशी कुणी भांडू शकेल. ‘या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आहे’ याच्याशी कोण भांडणार? शेवटचं वाक्य बाकीच्यांहून थोडं पुढे गेलंय हे मलाही दिसतं. काळोखाला मी ‘सावली’ म्हटलं, आणि कविता तो शब्द वापरत नाही. संध्याकाळ आहे की भरदुपार हेही ती सांगत नाही. मॅडमनी विचारलं तर एवढी जागा मी कबूल करीन.

तुला विरक्ती सोडवत नसेल तर सोडू नको. फक्त ती वेगळ्या जागी उभी कर. वाट गावाकडून निघते, हिरवं मागे टाकत काळ्या डोहापाशी येते आणि तिथे जो बसलाय त्याला कुठे जायचं नाही. ‘पैल’, ‘चालली’, ‘बसला’ हे तुझे तीन खांब. ‘पाय टाकुनी’ आणि ‘गोड’ तुझ्या विरुद्ध आहेत, त्यांना एकेक वाक्य दे: ही विरक्ती कठोर नाही, जग सोडूनही पाय पाण्यात ठेवणारी आहे. असं लिहिलंस तर मला तुझं वाचन पटणार नाही, पण ‘आधार कुठे’ असं मी लिहू शकणार नाही.

पुन्हा देताना पहिल्या ओळीचा उतारा तपास. तू ‘हिरवळी घेऊन’ लिहिलंयस, फोनवर फिरणाऱ्या कवितेत तसंच असतं. ‘हिरवाळी’ हवं. ओळ आठ, आठ आणि अकरा मात्रांची आहे. ‘चार घरांचे । गाव चिमुकले । पैल टेकडीकडे’ म्हणून बघ, मग ‘हिरवळी’ म्हणताना एक मात्रा कुठे कमी पडते ते तुझ्याच कानाला कळेल.